बटणं मेल्यावर उरलेलं वाक्य

सोसायटीच्या ग्रुपवर आलेली एक सूचना समजा अशी आहे : «ज ती पणी येण नही, भंडी भून ठेव.» ज्याने ती टाइप केली त्याच्या कीबोर्डची तीन बटणं मेलेली आहेत. वाचणारा जरा अडखळतो आणि मग त्याला कळतं की आज रात्री पाणी येणार नाही, भांडी भरून ठेवायची आहेत. हे कळतं कसं, आणि कुठे कळेनासं होतं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे. यंत्रं बदलत गेली तसं त्याचं स्वरूपही बदललं.

टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराचा स्वतंत्र दांडा असे. दांड्याच्या टोकाचा ठसा झिजला किंवा तुटून पडला, तरी बटण दाबलं की दांडा उचलला जाई आणि कागदाचा गाडा एक घर पुढे सरके. अक्षर उमटत नसे, पण त्याची जागा कागदावर कोरी राही. वाचणाऱ्याला निदान इथे काहीतरी होतं एवढं तरी दिसे. देवनागरी टाइपरायटरवर याला एक मोठा अपवाद होता. उकार, अनुस्वार यांसारख्या वर-खाली लागणाऱ्या काही खुणांची बटणं मुद्दाम गाडा न सरकवणारी ठेवलेली असत, म्हणजे खूण आणि अक्षर एकाच घरात पडावं. तसल्या बटणाचा ठसा गेला तर कोरी जागाही राहत नसे.

कॉम्प्युटरने हा अपवाद सगळ्याच बटणांना लावला. मेलेल्या बटणाकडून संदेशच जात नाही, त्यामुळे मागचं आणि पुढचं अक्षर एकमेकांना चिकटतात. काय गेलं हेही दिसत नाही आणि कुठून गेलं हेही दिसत नाही.

या दोन प्रकारांतला फरक पुढे माहितीशास्त्रात फार महत्त्वाचा ठरला. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने 1948 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजी मजकुरात किती भाग पुनरुक्त, म्हणजे बाकीच्यावरून ओळखता येण्याजोगा, असतो याचा अंदाज मांडला, तो साधारण निम्मा. तो तपासायचा एक मार्ग त्याने असा सांगितला की मजकुरातली काही अक्षरं गाळायची आणि दुसऱ्या माणसाला ती भरायला लावायची. निम्मी गाळूनही भरता आली, तर पुनरुक्ती निम्म्याहून जास्त आहे. 1951 मध्ये त्याने आणखी एक प्रयोग छापला. त्यात माणसाने वाक्यातलं पुढचं अक्षर ओळखत जायचं होतं. एका उताऱ्यात 129 पैकी 89 अक्षरं, म्हणजे 69 टक्के, पहिल्याच अंदाजात बरोबर आली. भाषा जाणणाऱ्याच्या डोक्यात पुढचं अक्षर बऱ्याचदा आधीच तयार असतं, याचा इतका सरळ पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

पण त्या प्रयोगात प्रत्येक घराची जागा ठरलेली होती. जागा माहीत असताना अक्षर पुसलं जाणं हा एक प्रकार, आणि जागेसकट अक्षर नाहीसं होणं हा दुसरा. पहिल्या प्रकारच्या वहनमार्गाची क्षमता, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाऊ शकते हे, नेमकं मोजता येतं आणि तिचं सूत्र एका ओळीचं आहे. दुसऱ्या प्रकारावर रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइनने 1965 मध्ये पायाभूत काम केलं, पण त्याची नेमकी क्षमता सांगणारं सूत्र अजून सापडलेलं नाही. टाइपरायटर पहिल्या प्रकारात बसतो आणि कॉम्प्युटरचा कीबोर्ड दुसऱ्या.

एकाच वेळी अनेक बटणं का मरतात, याचं उत्तर कीबोर्डच्या पोटात आहे. शंभराच्या वर बटणांना तितक्या तारा जोडणं परवडत नाही, म्हणून आडव्या-उभ्या रेषांची जाळी करतात. 8 आडव्या आणि 18 उभ्या रेषा घेतल्या तर 26 तारांत 144 छेद मिळतात आणि प्रत्येक बटण एका छेदावर बसतं. आतली चिप एकेक रेषा तपासत फिरते आणि कुठला छेद जोडला गेलाय ते पाहते. स्वस्त कीबोर्डमध्ये या रेषा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर वीजवाहक शाईने छापलेल्या असतात. चहा सांडला की ती शाई हळूहळू गंजते. एक रेषा तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात, आणि ती शेजारी शेजारीच असतील असं नाही. त्यामुळे एकटंच बटण गेलं असेल तर त्याच्याखालची घाण किंवा रबराची टोपी पाहावी, आणि तीन-चार बटणं एकदम गेली तर रेषेवर संशय घ्यावा.

आता मराठीकडे. सरकारी प्रमाण असलेली इनस्क्रिप्ट मांडणी 1986 मध्ये तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि 1988 मध्ये सुधारली. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं, काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, तिथून ती अनेक कार्यालयांत पोचली. या मांडणीत मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला आहेत. मात्रेच्या बटणावर शिफ्ट दाबली की तोच स्वर पूर्ण अक्षर म्हणून येतो. `E` वर काना आणि आ, `D` वर हलन्त आणि अ. `J` वर र आणि शिफ्टला ऱ.

वरच्या सूचनेत हीच तीन बटणं मेलेली आहेत : `E`, `D` आणि `J`. मूळ वाक्य होतं, «आज रात्री पाणी येणार नाही, भांडी भरून ठेवा.» त्यातला आ गेला आणि «ज» राहिला. रात्री टाइप करताना र, काना, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी सहा बटणं लागतात. त्यातली त आणि वेलांटी जिवंत, म्हणून «ती». भरूनमधला र गेल्यावर त्याचा ऊकार अनाथ राहिला नाही, मागच्या भ ला जाऊन लागला आणि «भून» झालं.

देवनागरीची खरी अडचण इथेच आहे. रोमनमध्ये स्वर गेला तर शब्द आखूड आणि विचित्र दिसतो. देवनागरीत प्रत्येक व्यंजनात अ असतोच, त्यामुळे काना गेला तरी उरलेला शब्द वाचता येतो, कित्येकदा खराच असतो. «ती» हा शब्द आहे. «ठेव» हाही आहे. व्यंजन गेलं तर त्याची मात्रा शेजाऱ्याकडे जाते आणि जखम झाकली जाते. उत्तरेत व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत मात्रा सर्रास गाळत, आणि «काकाजी अजमेर गये»चं घरी «काकाजी आज मर गये» असं वाचन होऊन रडारड झाल्याची गोष्ट त्यामुळेच सांगतात. आपल्या मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नसत, तरी कारकून भराभर वाचत. कागद कशाचा आहे हे त्यांना आधीच माहीत असे.

काही ठिकाणी मात्र देवनागरी स्वतःच खूण ठेवते. शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन गेलं आणि त्याची मात्रा उरली, तर स्क्रीनवर बहुतेक वेळा ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. र मेल्यावर रुपयेचं तसंच होतं. आणि फक्त र मेला असेल, काना जिवंत असेल, तर तयारीतल्या एकाच य ला काना आणि वेलांटी दोन्ही लागलेले दिसतात. बटणं जितकी कमी मेलेली, तितका पुरावा जास्त.

म्हणून आधी कुठली बटणं गेली ते ठरवायचं. लिहिणारा समोर नसेल तर मजकुरात काय कधीच येत नाही ते पाहायचं. पानभर मराठीत एकही काना नाही हे अशक्य आहे. काना आणि आ दोन्ही नाहीत, तर इनस्क्रिप्टचं `E` गेलं असं खुशाल समजावं. रोमन उच्चारावर चालणाऱ्या काटेकोर पद्धतीत `a` मेलं तर चित्र वेगळं दिसतं : `ghar` चं `ghr` होतं आणि मजकुरात जिकडे तिकडे हलन्त उगवतात.

मेलेली बटणं कळली की उरलेलं काम यांत्रिक आहे. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दातून ती अक्षरं काढून त्याचा सांगाडा करायचा, आणि समोरच्या तुकड्याशी जुळणारे शब्द गोळा करायचे.

```python
mele = ["ा", "आ", "्", "अ", "र", "ऱ"]

def sangada(shabda):
    return "".join(c for c in shabda if c not in mele)
```

यातून «ज» ला आज, जर, जा, राज, राजा असे शब्द मिळतात. «ती» ला ती, आरती आणि रात्री. पहिल्या दोन तुकड्यांवरून «जर ती» हीच सुरुवात सर्वांत सहज वाटते, आणि घाईत वाचणारा इथेच फसतो. पण पुढे «पणी» आहे. त्याला पाणी आणि प्राणी दोन्ही जुळतात, पण पुढच्या भांडींशी पाण्याचंच नातं लागतं, आणि «जर ती पाणी येणार नाही» हे मराठी नव्हे. «आज आरती पाणी»ही जमत नाही. पाणी येणार नाही हे जुळलं की आज रात्री आपोआप जागेवर बसतं. भांडी आलं की «भून» म्हणजे भरून, भारून नव्हे. आपण वाक्य डावीकडून उजवीकडे सोडवत नाही, सर्वांत पक्का तुकडा पकडून दोन्ही बाजूंना पसरतो.

1990 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये कर्निगन, चर्च आणि गेल यांनी स्पेलिंग दुरुस्तीत दोन गोष्टींचा गुणाकार वापरला : तो शब्द भाषेत येण्याची शक्यता, आणि तशी चूक होण्याची शक्यता. पूर्ण मेलेल्या बटणाला दुसरी गोष्ट जवळजवळ लागतच नाही, कारण ते अक्षर दर वेळी गळतंच. खरा त्रास अर्धमेल्या बटणाचा. ते कधी उमटतं, कधी नाही, आणि मग «ती» खरंच ती असू शकते. इनस्क्रिप्टमध्ये आणखी एक वाट आहे. शिफ्ट आणि `6` ला अख्खं त्र येतं. ते वापरणाऱ्याचं रात्री «त्री» असं उरेल आणि मजकुरात र अधूनमधून सापडेल, तरी `J` मेलेलंच असेल.

सगळं जुळवून झाल्यावर एक शब्द उरतो, «ठेव». काना गेला असेल तर ठेवा, नसेल तर ठेव. सांगाडा दोन्हींचा एकच आणि वाक्य दोन्हींनी पूर्ण होतं. सूचना सोसायटीच्या ग्रुपवर आली आहे म्हणून ठेवा. हेच वाक्य आईने मुलीला पाठवलं असतं तर ठेव. नावांचं याहून अवघड आहे. या कीबोर्डवर राम आणि रमा दोघांचा «म» होतो, तिथे लिहिणाऱ्याला फोन करणं भाग आहे.

शिलालेखांच्या अभ्यासकांनी 1931 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला काही खुणा ठरवल्या. त्यांत नष्ट झालेलं आणि संपादकाने भरलेलं अक्षर चौकटी कंसात देतात. असा मजकूर दुरुस्त करून पुढे पाठवताना तीच पद्धत सोयीची पडते. देवनागरीत सुटा काना कंसात टाकला तर तो एकटा पडतो, म्हणून अख्खा शब्द कंसात घ्यावा : «[आज] [रात्री] [पाणी] [येणार] [नाही], [भांडी] [भरून] [ठेवा?].» प्रश्नचिन्ह एकाच शब्दाला, कारण बाकीचे वाक्यानेच ठरवून दिले आहेत.