चालता चालता घेतलेला मोबाइल व्हिडिओ ‘जेली’सारखा का डुलतो आणि आम्ही तो कसा सरळ करतो

मोबाइलचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. तो एकेक ओळ वाचत वरून खाली येतो, यालाच रोलिंग शटर म्हणतात. तेवढ्यात हात हलला, तर खालच्या ओळी वरच्यांच्या तुलनेत सरकलेल्या येतात. म्हणून मरीन ड्राइव्हवरचे दिव्याचे खांब तिरके दिसतात आणि पावलागणिक इमारती डुलतात. शटर स्पीड वाढवला की चित्र धारदार होतं, पण खांब तिरका तो तिरकाच.

आधी आम्ही खांब कसा बिघडलाय ते बघतो. नुसता कललेला असेल, तर काम सोपं. समजा सेकंदाला ३० फ्रेमचा आडवा व्हिडिओ आहे. दोन लागोपाठच्या फ्रेममध्ये खांबाचा बुंधा २४ पिक्सेल सरकला आणि एकाच फ्रेममध्ये, चित्राच्या पूर्ण उंचीत, खांब १२ पिक्सेल कलला. म्हणजे सेन्सरला वाचनासाठी फ्रेमचा निम्मा वेळ लागतो, सुमारे १७ मिलिसेकंद. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधल्या Rolling Shutter Repair मध्ये Rolling Shutter Rate ५० टक्के ठेवायचा. आकडा जास्त झाला तर खांब उलट्या बाजूला कलतो, तेव्हा चूक लगेच कळते.

रीलसाठी फोन उभा धरला असेल, तर वाचन बाजूने होतं. मग Scan Direction डावीकडून उजवीकडे किंवा उलट निवडावी लागते, आणि मोजणी खांबावर नाही, कठड्याच्या आडव्या रेषेवर करावी लागते. पाऊल पडताना तीच तिरकी होते. ही दिशा बघायची राहिली की दुरुस्तीने व्हिडिओ आणखी बिघडतो.

हे झाल्यावर दुरुस्त फाइल रेंडर करून मगच तिला स्थिर करतो. आधी स्थिर केलं तर प्रत्येक फ्रेम सरकते, फिरते, मोठी होते आणि कोणती ओळ कधी वाचली गेली हा हिशेबच उरत नाही. स्थिर करताना कडा कापल्या जातात, त्यामुळे माणूस अगदी कडेला घेऊ नका.

खांब नागमोडी दिसत असेल, तर टाच आपटल्याचा धक्का एका फ्रेमच्या आतच पुढे-मागे झालेला असतो. एका टक्केवारीने तो सुटत नाही. त्यासाठी फोनच्या जायरोची, म्हणजे फोन कसा फिरला हे मोजणाऱ्या सेन्सरची, नोंद लागते. जायरो नोंदवणाऱ्या कॅमेरा अ‍ॅपमधून, फोनचं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद करून शूट केलंत, तर गायरोफ्लो हा मोफत प्रोग्रॅम ओळीओळीचा हिशेब लावतो. स्टॅबिलायझेशन चालू असेल तर फोनने चित्र आधीच हलवलेलं असतं, मग नोंद आणि चित्र जुळत नाहीत.

रात्रीच्या शूटमध्ये एक अडचण उरतेच. दिव्यांचा लुकलुकाट टाळायला शटर १/१०० किंवा १/५० ठेवावा लागतो. १/५० ला पावलाच्या धक्क्याने चित्र पुसट होतं. डुलणं काढल्यावरही ती पुसटता पावलांच्या तालात येत-जात राहते, ती आम्हाला काढता येत नाही.

आम्हाला दुरुस्तीसाठी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. फोनमधली मूळ फाइल पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवरून द्या, आणि फोनचं मॉडेल लिहा.