सकाळी व्हॅन दोनच मिनिटं का थांबते? (पालकांसाठी माहितीपत्रक)

नवीन सत्र सुरू झालं की पहिल्या आठवड्यातच पालकांचे फोन येतात, "काका, दोनच मिनिटं थांबले असते तर काय झालं असतं?" प्रश्न रास्त आहे. दारात दप्तर घेऊन उभं राहिलेलं मूल आणि निघून गेलेली व्हॅन बघितली की राग येणारच. म्हणून आमचा हिशेब एकदा सविस्तर लिहून देत आहोत.

बेसा–मनीषनगर भागातून लक्ष्मीनगरच्या बाजूला जाणारी आमची सकाळची एक फेरी घ्या. मुलं 10, थांबे 9, अंतर साधारण 11 किलोमीटर. पहिलं मूल 6:20 ला बसतं. प्रत्येक थांब्यावर मूल चढणं, दप्तर ठेवणं, मावशींनी दार लावून बघणं याला एक मिनिट धरलेलं आहे. गाडी शाळेसमोर 6:55 ला पोहोचते आणि गेट 7:05 ला बंद होतं. म्हणजे दहा मुलांमध्ये मिळून आमच्या हातात 10 मिनिटं उरतात. चार घरी तीन-तीन मिनिटं जास्त लागली की 12 मिनिटं गेली. मग वेळेवर तयार असलेली सहा मुलंही गेटबाहेर उभी राहतात आणि त्यांच्या डायरीत उशिराचा शेरा येतो.

गेलेली मिनिटं पुढे भरून काढता येत नाहीत. शाळेच्या गाडीला वेगनियंत्रक लावावा लागतो आणि महापालिका हद्दीत ती ताशी 40 किलोमीटरच्या वर चालवायची नसते. रिकाम्या रिंग रोडवर दुसरा चालक वेळ मारून नेईल, आमचा नेणार नाही. नेला तर आम्हीच त्याला कामावर ठेवणार नाही. शिवाय ती 10 मिनिटं काही सगळी तुमची-आमची नसतात. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं की फिरून जावं लागतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे असले की विधानभवनाकडचे रस्ते बंद होतात, आणि त्या भागातल्या दुपारच्या फेऱ्या हमखास उशिरा येतात.

म्हणून सकाळची पद्धत अशी आहे. आधीच्या थांब्यावरून निघताना मावशी तुम्हाला मिस्ड कॉल देतात. तो आला की मुलाच्या पायात बूट असायला हवेत, बूट शोधायला तेव्हा सुरुवात करू नये. बहुतेक घरी वेळ जातो तो याच कामात, आणि पाण्याची बाटली भरण्यात. या दोन गोष्टी रात्रीच दाराजवळ ठेवल्या तर अडचणच येत नाही. पहाटे शेजारी झोपलेले असतात, म्हणून आम्ही हॉर्न वाजवत नाही. दोन मिनिटं थांबतो आणि निघतो. निघालेली गाडी परत वळत नाही.

गाडी सुटलीच तर कृपया दुचाकीवरून पाठलाग करून ती सिग्नलवर किंवा चालत्या रस्त्यात थांबवू नका. तिथे आम्ही दार उघडत नाही, कारण मागून येणाऱ्याला मूल उतरतंय-चढतंय हे दिसत नाही. मावशींना फोन करा. त्या पुढचे दोन थांबे सोडून तिसऱ्या थांब्याची जागा आणि वेळ सांगतील, तिथे मुलाला घेऊन आधीच उभे राहा. पुढच्याच थांब्यावर गाठायला गेलात तर बहुतेक वेळा गाडी तिथूनही निघालेली असते.

दुपारी उलटा प्रश्न येतो, घरी घ्यायला कोणीच नसतं. करारनाम्यात मुलाला ताब्यात घेणाऱ्या तीन व्यक्तींची नावं आणि फोटो आम्ही घेतो, ते याचसाठी. त्या तिघांपैकी कोणी दिसलं नाही तर मूल उतरवलं जात नाही. मग ते चौथीत असो की आठवीत, आणि "सोडून द्या, जाईल तो वर" असं वॉचमनने सांगितलं तरी. मूल मावशींसोबत गाडीतच बसतं, फेरी पूर्ण होते आणि शेवटी आमच्या ऑफिसातून तुम्ही त्याला घेऊन जाता. चौथ्या कोणाला पाठवायचं असेल तर नोंदवलेल्या नंबरवरून 11 वाजण्याआधी ऑफिसच्या नंबरवर मेसेज करा, सोबत त्या व्यक्तीचा फोटो पाठवा. चालकाला तोंडी सांगितलेलं चालत नाही. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, आणि उचलू नये असंच आम्हाला वाटतं.

आता परवाना. "ओळखीच्या एकाची गाडी 500 रुपयांनी स्वस्त आहे" असं काही पालक सांगतात. स्वस्त असेल, पण आधी नंबर प्लेट बघा. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची असते. पैसे घेऊन मुलं नेण्याचं परमिट तिच्याकडे नसतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. आमच्या गाड्यांना पिवळी पाटी आहे, परमिट शालेय वाहतुकीचं आहे. गाडी नवी असताना फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षं झाली की दरवर्षी करून घ्यावं लागतं. आमच्या शब्दावर जाऊ नका. mParivahan ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका, फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. MH-31, MH-49, MH-40, कुठलीही पाटी असो, आमच्याच नव्हे तर कोणाच्याही गाडीचं असं तपासता येतं.

आसनं आरसी बुकात लिहिली तेवढीच. "लहान आहे, मांडीवर बसेल" याला आमचा नकारच असतो, सख्खं भावंड असलं तरी.

फी घर ते शाळा जवळच्या रस्त्याने मोजलेल्या अंतरावर आहे. इतर मुलांसाठी गाडी फिरते ते अंतर त्यात धरत नाही. 4 किलोमीटरपर्यंत महिना 1,500 रुपये, 4 ते 8 पर्यंत 2,000, त्यापुढे 2,400. दुसऱ्या भावंडाला 200 रुपये कमी. फी 5 तारखेपर्यंत द्यावी. वर्षाला 11 महिन्यांची फी होते, मे महिन्याची घेत नाही. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस कापत नाही, कारण त्या दिवसांतही चालक आणि मावशींचा पगार, विमा आणि गाडीचा हप्ता चालूच असतो. मूल आजारी पडून सलग 15 दिवसांपेक्षा जास्त आलं नाही तर निम्मी फी घेतो, मात्र पहिल्या दोन दिवसांत कळवलेलं असावं. सेवा बंद करायची असेल तर एक महिना आधी सांगा, म्हणजे प्रतीक्षेत असलेल्या पालकांना ती जागा देता येते.

राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. थांबा किंवा वेळेबद्दल आमच्याशी बोलून समाधान झालं नाही तर तिथे लेखी द्या. आम्ही त्या बैठकांना जातो.

बेसा आणि मानेवाडा मार्गावर पुढच्या सत्रासाठी काही जागा आहेत. रविवारी सकाळी 10 ते 12 गाड्या ऑफिससमोर उभ्या असतात. मुलाला घेऊन या, त्याला आत बसवून बघा, दाराचं लॉक, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी स्वतः पाहा. येताना मुलाचे दोन फोटो, शाळेच्या ओळखपत्राची प्रत, रक्तगट आणि घ्यायला येणाऱ्या तिघांचे फोटो आणले तर करारनामा तिथेच भरून होतो.