पार, फार, बार, भार, मार : कानाला पाच, डोळ्याला एकच

क्रिकेटचा मोठा सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर एक क्लिप हमखास फिरते. कर्णधार अंपायरशी काहीतरी बोलतोय, आवाज नाही, आणि खाली ठसठशीत अक्षरांत तो ‘नेमकं काय म्हणाला’ ते छापलेलं. परवा अशाच एका क्लिपवरून फिरायला आलेल्या मंडळींत चांगलीच जुंपली. एकाच्या मते ती शिवी होती, दुसरा म्हणे, छे हो, नुसतं ‘बघ की भावा’ म्हणालाय. बाजू दोन असल्या तरी एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की ओठ नीट निरखले तर शब्द कळतोच. गडबड नेमकी तिथंच आहे.

मोबाईल समोर धरा आणि स्वतःचं चित्रण करत सावकाश म्हणा: पार, फार, बार, भार, मार. आता आवाज पूर्ण बंद करून ते बघा, आणि कुणाला तरी विचारा की तिसरा शब्द कोणता होता. सांगता येणार नाही. एक पथ्य मात्र पाळा. ‘फार’मधला फ दोन्ही ओठ मिटून म्हणा. ‘फॅन’ म्हणताना आपण वरचे दात खालच्या ओठाला टेकवतो, तसा म्हटलात तर चोरी लगेच पकडली जाईल, कारण दात दिसतात.

बोलण्यातले जे आवाज डोळ्यांना एकसारखे दिसतात, त्यांच्या एका गटाला ‘व्हिझीम’ म्हणतात. हे नाव 1968 साली फिशर या अमेरिकन संशोधकाने वापरात आणलं. कान ज्या आवाजांना वेगवेगळं मोजतो, त्यातले कितीतरी डोळा एकाच खणात टाकतो. प, फ, ब, भ, म हे पाचही एकाच खणात जातात.

आपल्याला हे समजायला खरं तर सोपं जावं, कारण तक्ता शाळेच्या भिंतीवरच टांगलेला असतो. वर्णमालेतली प्रत्येक आडवी ओळ म्हणजे आवाज तोंडात कुठं अडतो ती जागा: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. जुन्या व्याकरणकारांनी याला ‘स्थान’ म्हटलं. उभे रकाने वेगळंच सांगतात. अघोष की घोष, म्हणजे गळ्यात कंप नाही की आहे; अल्पप्राण की महाप्राण, म्हणजे हवेचा झोत कमी की जास्त; आणि शेवटचा रकाना नाकातल्या आवाजाचा. ओठ वाचणाऱ्याला फार तर ओळ दिसते, रकाना कधीच दिसत नाही. त्यातही पवर्गाची ओळ सगळ्यांत स्पष्ट दिसते. कवर्ग तर घशाजवळ घडतो, तिथं बाहेरून बघण्यासारखं काही नसतंच.

रकाना का दिसत नाही, हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. म्हणून तिथं जरा रेंगाळतो.

‘पा’ म्हणताना आधी ओठ मिटतात. साधारण एक दशांश सेकंद ते मिटलेले राहतात आणि फुप्फुसांतून येणारी हवा त्यांच्यामागे साचते. ती नाकावाटे निसटू नये म्हणून मऊ टाळू, म्हणजे ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते तो पडदा, वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. या सगळ्या वेळात स्वरयंत्रातले स्वरतंतू गप्प असतात. मग ओठ उघडतात, हवा सुटते, आणि जवळजवळ त्याच क्षणी स्वरतंतू ‘आ’साठी थरथरू लागतात.

‘बा’मध्ये ओठ तेच करतात, पडदाही तेच करतो. फरक पडतो तो फक्त गळ्यात. आपल्या मराठी ‘ब’मध्ये ओठ मिटलेले असतानाच स्वरतंतू थरथरायला लागतात, म्हणजे ओठ उघडण्याआधी ढोबळमानाने शंभर मिलिसेकंद. ‘फा’मध्ये उलटा प्रकार. ओठ उघडतात, पण स्वरतंतू अजून एकमेकांपासून दूरच असतात, त्यामुळे आधी नुसता हवेचा झोत निघतो आणि सेकंदाच्या काही शतांशांनी कंप सुरू होतो. ‘भा’मध्ये कंप आणि झोत दोन्ही एकत्र. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोघांनी 1964 साली अकरा भाषांमध्ये हा मागेपुढेपणा मोजला, तेव्हा त्या अकरांत मराठीही होती. प, फ, ब, भ अशी चौपदरी व्यवस्था जगातल्या थोड्याच भाषांत आहे, म्हणून आपली भाषा अशा कामाला सोन्यासारखी.

उरला ‘मा’. इथं स्वरतंतू थरथरतात, ओठ मिटलेले असतात, पण मऊ टाळूचा पडदा खाली असतो आणि नाकाची वाट उघडी. घरी पडताळून पाहा. ‘म्‌ऽऽऽ’ म्हणत राहा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज जागीच मरतो. थंड स्टीलची वाटी नाकपुड्यांखाली धरून ‘म्‌ऽऽऽ’ म्हटलं तर तिच्यावर वाफ धरते. ‘ब्‌ऽऽऽ’ लांबवायला जा, जमणारच नाही. हवेला बाहेर जायला वाट नाही, तोंडातला दाब वाढतो, क्षणभर गाल फुगतात आणि कंप बंद पडतो.

आता हिशेब करा. पाच अक्षरांतला फरक घडतो दोन ठिकाणी: गळ्यातल्या स्वरतंतूंशी आणि टाळूच्या मागच्या पडद्याशी. दोन्ही जागा कातडीच्या आणि मांसाच्या आड. बाहेर येतं ते फक्त ओठांचं मिटणं आणि उघडणं, ते पाचांमध्ये सारखंच. सूक्ष्म फरक अगदीच नसतात असं नाही. ‘प’ची मिटणी ‘ब’पेक्षा किंचित लांब असू शकते, पण हे अंतर काही मिलिसेकंदांचं आणि बोलणाऱ्याच्या वेगागणिक बदलणारं. सेकंदाला पंचवीस चित्रं घेणाऱ्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये चाळीस मिलिसेकंदांची फट असते. क्लिप कितीही वेळा मागेपुढे केली तरी जे चित्रात उतरलंच नाही ते सापडणार कुठून? ‘तज्ज्ञाने ओठ वाचून शंभर टक्के सांगितलं’ असं कुणी छापलं असेल तर बिनधास्त पुढं सरका.

एवढं असूनही ओठ बघण्याचा उपयोग मोठा आहे, तो कानाच्या जोडीने. मिलर आणि नाइसली यांनी 1955 साली सोळा इंग्रजी व्यंजनं गोंगाटात मिसळून लोकांना ऐकवली आणि कोण कशात फसतो ते टिपलं. गोंगाटात लोक प, त आणि क यांच्यात गोंधळले, म्हणजे स्थान हरवलं. पण आवाज घोष आहे की अघोष, नाकातला आहे की नाही, हे बराच गोंगाट होईपर्यंत टिकलं. थोडक्यात, कान ओळ आधी विसरतो आणि रकाना धरून ठेवतो. डोळ्याला दिसते ती ओळ. महाद्वार रोडवर सणासुदीच्या गर्दीत समोरच्याचं बोलणं त्याच्या तोंडाकडे बघितलं की कळतं आणि मान फिरवली की कळत नाही, त्याचं कारण हे.

दोघांची साक्ष जुळली नाही तर काय होतं, हे मॅकगर्क आणि मॅक्डोनल्ड यांनी 1976 मध्ये दाखवलं. कानावर ‘बा’ पडतंय, पडद्यावरचा चेहरा ‘गा’ म्हणतोय, आणि बऱ्याच लोकांना ऐकू येतं ‘दा’. आता यात जादू वाटू नये. चेहऱ्यावर ओठ मिटलेच नाहीत, म्हणजे ‘बा’ असणं शक्य नाही, अशी डोळ्याची साक्ष. कान म्हणतो, घोष आणि अल्पप्राण तर नक्की आहे. दोन्ही साक्षींत बसेल असा आवाज मेंदू काढतो. हा परिणाम सगळ्यांना सारखा जाणवत नाही, काहींना ‘बा’च ऐकू येतं.

मग ज्याला ऐकूच येत नाही तो ओठांवरून समजतो कसा? मुख्यतः संदर्भाने. कपिलतीर्थ मंडईत एक गिऱ्हाईक विचारतंय, ‘भाजी काय भाव?’ फक्त ओठ बघितले तर पहिला शब्द भाजी, बाजी, पाजी, माजी किंवा माझी यांपैकी कोणताही असू शकतो, आणि शेवटचा भाव किंवा पाव. दहा जोड्या झाल्या. पण समोर मेथीची जुडी आहे, त्यामुळे नऊ आपोआप गळतात. आता विक्रेती एका कर्णबधिर गिऱ्हाइकाला विचारते, ‘पाव?’ म्हणजे पावशेर देऊ का? इथं मंडईचा संदर्भ कामाला येत नाही, कारण मंडईत ‘भाव?’सुद्धा तितकंच चपखल बसतं. कर्णबधिर माणूस ‘भाव?’ समजून किंमत सांगू लागतो, विक्रेती वजनं हातात घेऊन बघत राहते, आणि मागचा गिऱ्हाईक म्हणतो, ‘यांना कळत नाही वाटतं.’ कळतंय की. ओठांवर तेवढंच लिहिलं होतं.

देव एक इंद्रिय काढून घेतो आणि दुसरं दुप्पट तीक्ष्ण करतो, या समजुतीने इथं नुकसानच होतं. डोळा कितीही सरावला तरी पडजिभेमागचं त्याला दिसत नाही. लहान मूल बोलत नाही म्हणून त्याच्या जिभेवर वेखंड घासत बसणारी घरं आजही आहेत. ते मूल आईच्या ओठांकडे आणि हातवाऱ्यांकडे बघून बरंच काही समजतं, म्हणून घरच्यांना वाटतं, ऐकू तर येतंय. आधी श्रवणतपासणी करून घ्यावी, ती तान्ह्या बाळाचीही होते.

डोळ्याला जे जमत नाही ते हाताला जमतं. हेलन केलर बहिऱ्या तर होत्याच, अंधही होत्या. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हात ठेवून त्या बोलणं समजून घेत. अंगठा गळ्यावर, एक बोट ओठांवर, दुसरं बोट नाकाला. ओठांवरच्या बोटाला मिटणं कळतं, म्हणजे पवर्ग. गळ्यावरच्या अंगठ्याला कंप लागला तर ‘प’ बाद. नाकावरच्या बोटालाही कंप लागला तर ‘म’, नाहीतर ‘ब’. वर सांगितलेल्या दोन्ही लपलेल्या जागा त्या स्पर्शाने चाचपत होत्या.

आपल्या घरी कमी ऐकणारं माणूस असेल तर यातून एक गोष्ट लगेच वापरता येते. ‘पाव’ कळला नाही म्हणून तोच शब्द मोठ्याने ओरडू नका. ओरडल्याने ओठांचा आकार विचित्र होतो, आणि खूण तर तीच राहते. शब्दच बदला, ‘पाव किलो’ऐवजी ‘अडीचशे ग्रॅम’ म्हणा. आकड्यांच्या बाबतीत तर जास्तच जपा. सात आणि साठ यांत जीभ दातांना टेकते की मागे वळते आणि हवेचा झोत निघतो की नाही एवढाच फरक, तोही दातांआड आणि गळ्यात घडतो, आणि दोन्ही किमती खऱ्या वाटू शकतात. रिक्षावाल्याने ‘साठ’ म्हटलं आणि आजोबांनी सात रुपये काढले तर वाद घालण्यापेक्षा मीटरकडे बोट दाखवावं.