आठ वजिरांचा पट: चकत्या ठेवायच्या कशा आणि उचलायच्या कशा

या संचात ८×८ घरांचा लाकडी पट, ८ वजीर आणि सात रंगांच्या ६८ चकत्या आहेत. आठही वजीर पटावर असे बसवायचे की कोणीच कोणाच्या माऱ्यात येणार नाही. वजीर आडवा, उभा आणि दोन्ही तिरप्या दिशांनी कितीही घरे मारतो. जर्मनीतल्या माक्स बेझेलने हे कोडे १८४८ मध्ये मांडले. याच्या ९२ मांडण्या होतात.

अंदाजाने वजीर ठेवत गेलात तर सहा-सात बसतात आणि मग सगळे अडते. नेमका कोणता वजीर हलवावा हेही कळत नाही. म्हणून खालची पद्धत वापरा. तिला बॅकट्रॅकिंग म्हणतात. पुढे जायचे, वाट बंद झाली की शेवटचाच वजीर मागे घ्यायचा, आणि कोणत्या वाटा संपल्या याचा हिशेब कधी चुकू द्यायचा नाही.

मांडणी

एका ओळीत एकच वजीर बसू शकतो. म्हणून वरून खाली ओळीने चला आणि प्रत्येक ओळीत डावीकडून पहिले मोकळे घर घ्या. वजीर ठेवताच त्याच्या माऱ्यात येणाऱ्या खालच्या घरांवर त्याच्या रंगाच्या चकत्या ठेवा. त्याच ओळीत किंवा वर ठेवायची गरज नाही, तिथले काम झालेले असते. चकती असलेल्या घरात वजीर ठेवायचा नाही, एवढाच नियम. अशी घरे आधीच बाद झाल्यामुळे त्यांच्यापुढच्या सगळ्या मांडण्या न तपासताच सुटतात. छाटणी म्हणतात ती हीच.

पहिल्या ओळीचा रंग लाल, मग क्रमाने केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि पांढरा. चकत्यांची संख्या त्याच क्रमाने १४, १३, १२, ११, ९, ६ आणि ३ आहे. पहिल्या ओळीतला वजीर कुठेही ठेवा, त्याला नेमक्या १४ चकत्या लागतात: सात स्तंभाच्या, सात दोन्ही तिरप्या मिळून. पुढच्या रंगांचे आकडे त्या ओळीत जास्तीत जास्त लागतील तेवढे आहेत, त्यामुळे काही चकत्या डब्यात उरतील. आठव्या वजिराच्या खाली ओळच नाही, म्हणून त्याला रंग नाही.

एकाच घरावर दोन-तीन चकत्या

घरावर आधीच चकती आहे म्हणून दुसरी ठेवायची टाळू नका. या पटावर सर्वांत जास्त चुका इथेच होतात. उदाहरण प्रत्यक्ष मांडून पाहा. पहिल्या चार ओळींत वजीर अनुक्रमे १, ३, ५ आणि २ या स्तंभांत ठेवा. आता पाचव्या ओळीतले तिसरे घर बघा. केशरी वजीर ते सरळ स्तंभातून मारतो, पिवळा तिरपा मारतो आणि हिरवाही तिरपा मारतो. तिथे तीन चकत्यांची चळत होते. याहून उंच चळत कधीच होत नाही, कारण वरून त्या घरावर येणाऱ्या रेघा तीनच: एक उभी, दोन तिरप्या. आणि एका रेघेवर दोन वजीर नसतातच.

आता हिरवा वजीर उचलायची वेळ आली, तर त्या घरावरची फक्त हिरवी चकती काढायची. केशरी आणि पिवळी तशीच राहील, घर बंदच राहील. घर पूर्ण साफ केलेत तर ते मोकळे दिसेल आणि पुढे केव्हातरी दोन वजीर एकमेकांना मारत उभे राहतील. उलट चूक त्याहून वाईट: एखादी हिरवी चकती पटावर विसरली, तर मोकळे घर बंद दिसते. त्यात दिसण्यासारखे काहीच बिघडत नाही, फक्त काही मांडण्या सापडायच्या राहतात. म्हणून वजीर उचलला की त्याचा रंग डब्यात मोजून घ्या. या उदाहरणात हिरव्या ९ चकत्या पटावर आणि २ डब्यात असतात. उचलल्यावर डब्यात ११ भरल्याच पाहिजेत.

एक ओळ पुढे बघा

वरचीच मांडणी तशीच ठेवून पाचवी ओळ पाहा. चौथे आणि आठवे घर मोकळे आहे. साध्या पद्धतीने तुम्ही पाचवा वजीर आधी चौथ्यात ठेवाल, मग अडून आठव्यात ठेवाल आणि पुन्हा अडाल. पण सहावी ओळ पाहा: आठही घरांवर चकत्या आहेत. हिरवा वजीर ठेवला त्या क्षणीच ही वाट संपली होती. त्यामुळे प्रत्येक वजिरानंतर खालच्या सगळ्या ओळींवरून नजर फिरवा. एकही ओळ पूर्ण झाकली असेल तर शेवटचा वजीर लगेच उचला. हाताने सोडवताना या सवयीने बराच वेळ वाचतो.

उचललेला वजीर हातातच ठेवा आणि त्याच ओळीत उजवीकडचे पुढचे मोकळे घर शोधा. इथे ते सातवे आहे. डावीकडे पुन्हा जाऊ नका, नाहीतर त्याच मांडणीत फिरत राहाल. उजवीकडे काहीच उरले नसेल, तर तो वजीर डब्यात ठेवा आणि वरच्या ओळीचा उचला.

पुढे न बघता याच क्रमाने गेलात तर ११३ वेळा वजीर ठेवल्यावर पहिले उत्तर येते: १, ५, ८, ६, ३, ७, २, ४. सगळी ९२ हवी असतील तर २,०५६ वेळा. त्यातली निम्मी मेहनत टाळता येते. पहिला वजीर फक्त १ ते ४ स्तंभांत ठेवून ४६ मांडण्या शोधा, प्रत्येकीचे आरशातले रूप म्हणजे उरलेल्या ४६.

संगणकावर करायचे असेल तर

संगणकाला चळती लागत नाहीत. घरांऐवजी रेघांवर खूण केली की पुरते. एका रेघेवर एकच वजीर असतो, त्यामुळे खूण पुसताना दुसऱ्या कोणाची पुसली जात नाही. एका दिशेच्या तिरप्या रेघेवर `r-c` सारखे राहते, दुसऱ्या दिशेच्या रेघेवर `r+c`.

```python
def solve(n):
    cols, d1, d2, place = set(), set(), set(), []
    def go(r):
        if r == n:
            print(place)
            return
        for c in range(n):
            if c in cols or r-c in d1 or r+c in d2:
                continue
            cols.add(c); d1.add(r-c); d2.add(r+c)
            place.append(c)
            go(r+1)
            place.pop()
            cols.remove(c); d1.remove(r-c); d2.remove(r+c)
    go(0)
```

`solve(8)` चालवल्यावर पहिली ओळ `[0, 4, 7, 5, 2, 6, 1, 3]` येईल. इथे मोजणी शून्यापासून आहे, बाकी ते वरचेच उत्तर. उत्तरे छापण्याऐवजी साठवायची असतील तर `place[:]` साठवा. नुसते `place` साठवले तर शेवटी सगळ्या याद्या रिकाम्या निघतील, कारण `pop` त्याच यादीतून काढत असतो.

लहान पटावर आधी सराव

पटाचा काही भाग कागदाने झाका आणि ४×४ पासून सुरू करा. तिथे पहिला वजीर कोपऱ्यात ठेवला तर कुठलीच वाट पोचत नाही. तो दुसऱ्या स्तंभात सरकवला की २, ४, १, ३ हे उत्तर लगेच मिळते. २×२ आणि ३×३ वर उत्तर नाही. ४×४ वर २, ५×५ वर १०, ६×६ वर फक्त ४ आणि ७×७ वर ४० मांडण्या आहेत. चकत्यांचा हिशेब पक्का झाला का हे पाहायला ६×६ सर्वांत चांगला. चारपेक्षा कमी सापडल्या तर बहुधा कुठेतरी चकती उचलायची राहिली आहे, जास्त सापडल्या तर कुठेतरी चळत पूर्ण साफ झाली आहे.