मोठ्यांचा डांग्या खोकला लक्षात का येत नाही?

कोथरूडमधील एका शाळेत शिकवणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईंचे उदाहरण घेऊ. प्रसंग कल्पित असला, तरी त्यातील क्रम या आजाराचा नेहमीचाच आहे. दिवाळीनंतर त्यांचे नाक वाहू लागते, घसा खवखवतो आणि किरकोळ खोकला येतो. ताप मात्र नसतो. पुण्यात या दिवसांत असे घरोघरी होत असल्याने हळद-दूध आणि गुळण्या यांवर काम भागते. साधारण दहा दिवसांनी सर्दी ओसरते, पण खोकला उबळींनी येऊ लागतो. एकाच श्वासात दहा-पंधरा वेळा ढास लागते, चेहरा लाल होतो, कधी शेवटी उलटी होते आणि घसा आतून सोलवटल्यासारखा दुखतो. पाच मिनिटांनी त्या पुन्हा ठणठणीत दिसतात.

त्या दवाखान्यात जातात ते नेमके अशाच वेळी. घसा थोडा लालसर असतो, छातीत घरघर ऐकू येत नाही आणि एक्स-रेही स्वच्छ येतो. मग धूळ, ॲलर्जी किंवा ॲसिडिटी यांवर ठपका येतो, आणि दुखऱ्या घशाकडेच लक्ष वेधले जाते. प्रत्यक्षात तो बराचसा सततच्या ढासेमुळे सोलवटलेला असतो; मूळ बिघाड त्याच्या खाली, श्वसनमार्गात असतो.

डांग्या खोकला घडवणारा बोर्डेटेला पर्ट्युसिस हा जीवाणू श्वसनमार्गातील कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांना चिकटतो आणि त्याची विषे त्या पेशींची नासधूस करतात. जीवाणू नाहीसे झाले तरी हे अस्तर पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून खोकला अनेक आठवडे रेंगाळतो. लहान मुलांमध्ये उबळीनंतर श्वास आत घेताना येणारा ‘हूप’ असा आवाज मोठ्यांमध्ये बहुधा नसतो, कारण त्यांची श्वासनलिका रुंद असते आणि जुन्या लसीची किंवा संसर्गाची अर्धवट प्रतिकारशक्ती उरलेली असते. बालपणीच्या लसीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

निदान निसटण्याचे खरे कारण, माझ्या मते, वेळेचे गणित आहे. नाकाच्या मागच्या भागातून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर चाचणी पहिल्या तीन आठवड्यांत सर्वाधिक उपयोगी पडते, आणि संशय यायला बहुधा तेवढाच काळ जातो. नुसता घशाचा नमुना यासाठी चांगला नाही. उशीर झाल्यास रक्तातील प्रतिपिंडे तपासता येतात, पण नुकतीच लस घेतली असेल तर त्यांचा अर्थ लावणे अवघड होते.

ॲझिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक उबळी सुरू झाल्यावर दिले, तर खोकला फारसा आटोक्यात येत नाही. मात्र संसर्ग पसरणे थांबते. बाईंच्या घरी दोन महिन्यांचे नातवंड असेल, तर हा फरक मोठा आहे: इतक्या लहान बाळाला खोकला न येता थेट श्वास थांबण्याचे झटके येऊ शकतात. त्यामुळे ताप नसलेला, दोन आठवड्यांहून जुना, उबळींचा खोकला असेल, तर क्षयाच्या तपासणीसोबत डांग्या खोकल्याबद्दलही डॉक्टरांना विचारावे आणि घरात तान्हे बाळ आहे हे आधी सांगावे.