साचा दणका न देता कसा मिटतो?

प्लास्टिकची टोपणं बनवणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनमध्ये साच्याचा अर्धा भाग सतत पुढे-मागे धावत असतो. वेळ वाचवायचा तर त्याने जोरात धावायला हवं आणि समोरच्या अर्ध्याला मात्र अलगद टेकायला हवं. हा भाग तेलाच्या दाबाने सरकतो, पण ते तेल सोडणाऱ्या साध्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या झडपेला, हे दोन्ही एकत्र जमत नाही. त्याचा स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारा-मिटवणारा आतला सरकता भाग, एक तर पूर्ण उघडतो, नाहीतर पूर्ण बंद होतो. धावतं तेल एकदम अडलं की पाइप हादरतात आणि साच्याच्या कडा मार खातात.

हे काम प्रपोर्शनल व्हॉल्व्ह करतो. बाहेरून तो जवळजवळ तसाच दिसतो. खरी करामत कॉइलमधल्या लोखंडाच्या आकारात आहे. त्यामुळे कामाच्या टप्प्यात चुंबकाची ओढ करंटवर ठरते, स्पूल कुठे आहे यावर नाही. समोर स्प्रिंग असते. ओढ आणि स्प्रिंगचा जोर जिथे सारखे होतात तिथे स्पूल थांबतो. करंट वाढवला की तो आणखी सरकतो आणि तेलाची वाट रुंदावते.

समजा साचा ढकलणाऱ्या सिलिंडरचा आतला व्यास 63 मिमी आहे. त्यात मिनिटाला 40 लिटर तेल गेलं तर त्याचा दांडा सेकंदाला 21 सेंमी धावतो. 4 लिटर गेलं तर जेमतेम 2 सेंमी. शेवटचे 3 सेंमी या सावकाश वेगाने जायचे आहेत. अर्ध्या सेकंदात वेग एकसारखा उतरवला तर त्या वेळात दांडा सुमारे 6 सेंमी जातो. म्हणजे साचा मिटायला 9 सेंमी उरले असतानाच व्हॉल्व्हला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डने करंट उतरवायला लागलं पाहिजे. या उताराला रॅम्प म्हणतात.

कार्ड व्होल्टेज नव्हे, करंट सांभाळतं, आणि ते बरोबरच आहे. कॉइल 50 अंशांनी तापली की तांब्याचा रोध सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. ठरावीक व्होल्टेज दिलं असतं तर सकाळी नीट चालणारं मशीन दुपारी मंदावलं असतं. याच करंटवर कार्ड एक बारीक थरथर चढवतं, तिला डिदर म्हणतात. त्यामुळे स्पूल घर्षणाने चिकटून बसत नाही. सावकाश चालताना दांडा अडत-अडत, झटके देत जाऊ लागला तर आधी डिदर आणि तेलातली घाण तपासावी. नवा व्हॉल्व्ह मागवायची घाई बहुतेकदा नडते!

एक मर्यादा मात्र उरतेच. स्पूल जागचा हलला नाही तरी व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक चौपट झाला की प्रवाह दुप्पट होतो. मोल्डिंगमध्ये साचा धावताना भार फारसा बदलत नाही, म्हणून हे खपून जातं. क्रेनवर कधी रिकामा हुक, कधी टनभर माल; तिथे व्हॉल्व्हसोबत प्रेशर कॉम्पेन्सेटर जोडतात. तो दाबातला हा फरक कायम राखतो, म्हणून भार कितीही असो, जॉयस्टिक जितकी झुकवाल तितकाच वेग मिळतो.