गोल बंधाची कळ

गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत, म्हणजे साधारण १४ ते २७ आठवड्यांच्या काळात, उठताना किंवा कूस बदलताना जांघेत अचानक येणाऱ्या तीक्ष्ण, क्षणिक चमकेला गोल बंधाची कळ किंवा राउंड लिगामेंटचे दुखणे म्हणतात. ही तक्रार अगदी नेहमीची असून तिच्यापासून आई किंवा बाळाला धोका नसतो. मात्र ती निश्चित करणारी कोणतीही चाचणी नाही. दुखण्याची तऱ्हा पाहून आणि इतर कारणे नाहीत याची खात्री करूनच हे निदान होते. त्यामुळे ही कळ ओळखायला शिकताना ती कोणत्या दुखण्यांशी गल्लत करते हेही शिकावे लागते.

गर्भाशयाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपासून, गर्भनलिका जिथे जोडलेल्या असतात त्याच्या किंचित पुढून, एकेक दोरीसारखा बंध निघतो. तो पुढे येत जांघेतल्या नळीवजा वाटेतून बाहेर पडतो आणि योनीच्या बाहेरील ओठांच्या मऊ भागात विरून जातो. त्याची लांबी एरवी १० ते १२ सेंटिमीटर असते. त्यात नुसते तंतू नसतात, स्नायूही असतो, आणि ताण अचानक आला की हा स्नायू आवळतो. एरवी सुमारे ७० ग्रॅम वजनाचे गर्भाशय दिवस भरेपर्यंत किलोभराचे होते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास ते कटिरातून वर डोकावते आणि विसाव्या आठवड्याला बेंबीपर्यंत पोचते. या चढाईत दोन्ही बंध लांबतात आणि जाडही होतात. सावकाश वाढणारा ताण ते सोसतात. झटक्याने उठणे, शिंक, खोकला, मोठ्याने हसणे किंवा अंथरुणात एकदम वळणे यांनी मात्र आधीच ताणलेल्या बंधाला हिसका बसतो आणि कळ येते. बंध जांघेत उतरत असल्याने ती ओटीपोटाच्या कडेला सुरू होऊन जांघेत, कधी थेट बाहेरील ओठापर्यंत जाणवते.

ही कळ उजवीकडे जास्त आढळते. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असल्याने वाढते गर्भाशय थोडे उजवीकडे कलते आणि वळते. त्यामुळे दोन्ही बंधांवरचा ताण सारखा राहत नाही. नेमके उजव्या बाजूलाच अपेंडिक्सही असते. गरोदरपणात पोटाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते तेव्हा, प्रसूतीशी संबंध नसलेल्या कारणांत अपेंडिक्सची सूज सर्वांत आघाडीवर असते. म्हणून उजवीकडच्या दुखण्याचा विचार थोडा सविस्तर करायला हवा.

समजा, १९ आठवड्यांची गरोदर स्त्री बराच वेळ खुर्चीत बसून चटकन उठते आणि उजव्या जांघेत सुरी फिरल्यासारखी कळ येते. ती जागीच थांबते, किंचित पुढे वाकते, आणि अर्ध्या मिनिटात कळ ओसरते. रात्री डाव्या कुशीवर वळताना पुन्हा तसेच होते. मधल्या वेळात काही दुखत नाही. भूक नेहमीसारखी आहे, ताप नाही, लघवीला जळजळ नाही, अंगावरून काही जात नाही. हे चित्र गोल बंधाच्या कळेचे आहे. इथे दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा तीन गोष्टी अधिक बोलक्या आहेत: कळ हालचालीने येते, स्थिर राहिल्यावर काही सेकंदांत किंवा फार तर दोन-चार मिनिटांत जाते, आणि दोन कळांच्या मध्ये पोट पूर्ण शांत असते.

आता याच स्त्रीला पुढच्या आठवड्यात सकाळी बेंबीभोवती मंद दुखू लागते. दुपारपर्यंत ते उजवीकडे सरकते आणि तिथेच ठाण मांडते. ती आडवी होते, तरी दुखणे थांबत नाही. जेवण नकोसे होते, मळमळते. चालताना प्रत्येक पावलाला पोटात दुखते. बाजू तीच असली तरी हे दुखणे निराळे आहे, आणि आधीच्या आठवड्यातील निदानावर विसंबून घरी बसणे इथे धोक्याचे ठरते. गरोदरपणात अपेंडिक्स थोडे वर ढकलले जाऊ शकते, म्हणून दुखणे जांघेपेक्षा वर, बेंबीच्या पातळीजवळही असू शकते. ताप नसला म्हणून सूज नाही असेही समजू नये.

दुसरी महत्त्वाची गल्लत अकाली प्रसूतिकळांशी होते. त्या एका बाजूला चमकत नाहीत. सगळे पोट आवळून कडक होते, सैल पडते आणि ठरावीक अंतराने पुन्हा कडक होते. सोबत कंबर भरून येते, खाली दाब जाणवतो. तासाभरात चार किंवा अधिक वेळा असे झाले तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, थंडी-ताप, वारंवार उलट्या, लघवीला जळजळ किंवा बरगडीखाली पाठीत दुखणे, चक्कर, आणि विश्रांतीनंतरही टिकून राहणारे कोणतेही तीव्र दुखणे यांसाठीही तपासणी लागते. पोट लाकडासारखे कडक राहून सतत दुखत असेल तर वार सुटल्याची शंका घ्यावी. अशा वेळी रक्त आतच साचून बाहेर दिसत नाही, असेही होते. विसाव्या आठवड्यानंतर वरच्या पोटात दुखणे, सोबत डोकेदुखी किंवा नजर धूसर होणे, हे रक्तदाब वाढल्याचे लक्षण असू शकते. पहिलटकरणीला या सुमारास बाळाची हालचाल नुकतीच जाणवू लागलेली असते, त्यामुळे केवळ हालचालीवरून सारे ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये.

जांघेत फुगवटा दिसला तर तो दाखवावा. तो हर्नियाचा असू शकतो, पण गरोदरपणात गोल बंधाभोवतीच्या शिरा फुगूनही तसाच फुगवटा येतो. डॉप्लर सोनोग्राफीत दोन्हींतला फरक कळतो, आणि शिरांचा असेल तर अनावश्यक शस्त्रक्रिया टळते. प्रसूतीनंतर तो बहुधा आपोआप ओसरतो.

साध्या कळेवर उपायही साधे आहेत. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने बसावे. शिंक येणार असे वाटताच मांड्या पोटाकडे किंचित वाकवल्या की बंध सैल पडतो आणि हिसका कमी बसतो. कळ आलीच तर दुखऱ्या बाजूचा गुडघा पोटाकडे घ्यावा किंवा कुशीवर पडून पोटाखाली उशी ठेवावी. कोमट शेक आणि पोटाला आधार देणारा पट्टा काहींना बरा वाटतो. वेदनाशामक लागलेच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेतात. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

शंकास्पद दुखण्यात डॉक्टर पोट व जांघ तपासतात, लघवीची तपासणी करतात आणि गरजेनुसार सोनोग्राफीत बाळ, वार, अंडाशय व गर्भाशयमुखाची लांबी पाहतात. पीळ पडलेले अंडाशय किंवा गर्भाशयातील दुखरी गाठ यातून सापडू शकते. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र इथे फसवतात. गरोदरपणात त्या १५,००० च्या आसपास असणेही स्वाभाविक असू शकते. सोनोग्राफीत अपेंडिक्स अनेकदा दिसतच नाही, आणि न दिसणे म्हणजे ते निरोगी असणे नव्हे. शंका राहिली तर रंगद्रव्य न टोचता एमआरआय करतात, किंवा दाखल करून घेऊन काही तासांनी पुन्हा तपासतात.